शनिवारचा तिसरा तास

शाळेला पत्र लिहायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच नमुने सगळ्यांना पाठ असतात, एक रजेचा अर्ज आणि दुसरा दाखला मिळणेबाबत. त्यामुळे आमच्या सहावीच्या पालकांच्या ग्रुपवर जेव्हा ठरलं की पोरांना आठवड्यातून एक तास बुद्धिबळाचा मिळावा म्हणून शाळेला पत्र द्यायचं, तेव्हा पहिला मसुदा जो आला तो वाचून मला हसूच आलं. त्यात "बुद्धिबळाने मुलांची एकाग्रता वाढते, गणितात प्रगती होते, स्मरणशक्ती तल्लख होते" असं सगळं होतं, मग गुकेशचं नाव होतं, मग दिव्या देशमुखचा फोटोसुद्धा होता, आणि मागणी फक्त शेवटच्या ओळीत, "तरी याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती." म्हणजे कोणता तास, कोणत्या वर्गाला, कोण घेणार, पट कुठून येणार, यातलं काहीच नाही. असं पत्र कुठल्याही हेडसरांच्या टेबलावर गेलं तर ते आवक रजिस्टरला नोंदतील, सही करून पोच देतील आणि विषय संपला. त्यांचा तरी काय दोष, कार्यवाही करायला पत्रात काही पाहिजे ना.

आमची शाळा चोपडा तालुक्यातली, अनुदानित, साधी. लेकीच्या वर्गात अठ्ठेचाळीस पोरं. मी लहानपणापासून बुद्धिबळ खेळते, मोठी खेळाडू वगैरे नाही, कॉलेजात असताना जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत गेलेली, बस. पण ग्रुपवर "ताई तुम्हाला येतं ना, तुम्हीच लिहा" असं झालं आणि काम माझ्या गळ्यात.

सगळ्यात आधी मी गणिताचं वाक्य काढलं. यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली, कारण सगळ्यांना वाटतं तेच वाक्य वजनदार आहे. पण ते वाक्य टिकत नाही. इंग्लंडमध्ये याच गोष्टीची मोठी चाचणी झालेली आहे, शंभर शाळा, नऊ-दहा वर्षांची जवळपास चार हजार पोरं, निम्म्या शाळांत वर्षभरात तीस तास बुद्धिबळ शिकवलं, निम्म्या शाळांत नाही, आणि मग एक वर्षाने गणिताचे मार्क बघितले. 2016 मध्ये निकाल आला आणि दोन्हीकडे फरक काही दिसला नाही. आता आपला हिशोब बघा. जूनच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचे शनिवार मोजले, त्यातून दिवाळीची सुट्टी, परीक्षा, सण, अतिवृष्टीची सुट्टी वजा केली तर हाताशी पंचवीस शनिवार राहतात असं धरा. पस्तीस मिनिटांचा तास म्हणजे 875 मिनिटं, म्हणजे जेमतेम साडेचौदा तास. त्यांना तीस तासात गणितात काही दिसलं नाही आणि आपण त्याच्या निम्म्यात मार्क वाढवून दाखवू असं लेखी देणार? वर्षाने गणिताच्या मॅडम विचारतील की वाढले का हो मार्क, तेव्हा तास बंद करायला आपणच कारण दिलेलं असेल.

एक बाबा म्हणाले की आर्मेनियात तर शाळेत बुद्धिबळ सक्तीचं आहे. खरं आहे, 2011 पासून दुसरी ते चौथीला तो विषयच आहे. पण तिथे सरकारने ठरवलं, पुस्तकं काढली, शिक्षक तयार केले. आपण एका शाळेत एक तास मागतोय.

मग दिव्याचा फोटो काढला, यावर तर आयाच चिडल्या. त्यांचं म्हणणंही मला कळतं हो. नागपूरची एकोणीस वर्षांची पोरगी 2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियात बातुमीला जाते, फायनलला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा वर्ल्ड कप घेते आणि त्याच्यासोबत थेट ग्रँडमास्टर होते, त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या ज्या बायांना उंट कसा चालतो माहीत नव्हतं त्यांनीही स्टेटस ठेवलं होतं. पण ती काही शाळेच्या आठवड्याच्या तासातून घडलेली नाही. लहान वयापासून कोच, रोजचे कितीतरी तास, गावोगावच्या स्पर्धा, घरच्यांचा पैसा आणि वेळ, हे सगळं त्याच्यामागे आहे. तिचं नाव पत्रात घातलं की शाळेला वाटतं यांना कोचिंग हवंय, चॅम्पियन हवेत, मग शाळा एकतर घाबरते नाहीतर कोणत्या तरी क्लासवाल्याला बोलावते आणि तो महिन्याला फी लावतो. आम्हाला तेच नको होतं. सगळ्या अठ्ठेचाळीस पोरांना खेळायला मिळालं पाहिजे, ज्याच्या घरी पट नाही त्यालाही.

आता तास कुठून काढायचा. वेळापत्रक म्हणजे काही रिकामी पिशवी नाही, सहावी ते आठवीला वर्षाला एक हजार तास अध्यापन झालं पाहिजे असं शिक्षण हक्क कायद्यात आहे, प्रत्येक तासाला कुणीतरी धनी आहे. ग्रुपवर सगळ्यात सोपं उत्तर आलं, पीटीचा तास घ्या. याला मी साफ नाही म्हटलं. पोरांना पळायला मिळतं तेच आठवड्यातले मोजके तास, ते घेऊन त्यांना बसवायचं आणि वर त्याला खेळ म्हणायचं हे काही बरोबर नाही. आणि पीटीचे सर नाराज झाले तर शाळेत या तासाचा पहिला विरोधक आपणच तयार केला. हां, मार्चनंतरची गोष्ट वेगळी, आपल्या खानदेशात होळी झाली की अकरा वाजता मैदानावर तवा तापलेला असतो, तेव्हा सर स्वतःच पोरांना झाडाखाली नाहीतर वर्गात बसवतात. तर पत्रात एवढंच लिहिलं की उन्हाळ्यात मैदानाचा तास होऊ शकला नाही तर पट वापरायला सरांना मोकळीक असावी. सरांना हे आवडलं, नंतर कळलं.

उरला शनिवार. शनिवारची शाळा सकाळची, आणि 2024 पासून पहिली ते आठवीसाठी सरकारचाच आनंददायी शनिवार आहे, म्हणजे त्या दिवशी पुस्तकाबाहेरचं काहीतरी करायला शाळेला कागदोपत्री जागा आहे. आमच्या शाळेत त्यात कधी गाणी, कधी चित्रं, कधी नुसताच गोंधळ चालायचा. म्हणून शनिवारच. आणि शनिवारातही तिसरा तास, कारण त्याच्या आधी मधली सुट्टी असते, दोन-चार पोरं सुट्टीतच पट मांडून ठेवू शकतात. हे बारीक वाटेल पण सगळं याच्यावरच आहे. पस्तीस मिनिटांत अठ्ठेचाळीस पोरांनी पट मांडायचे म्हटलं तर सात-आठ मिनिटं त्यातच जातात, गोळा करायला पाच, आणि राहिलेल्या वेळात डाव अर्धा होतो तोच घंटा. शेवटचा तास तर मुळीच नको, पोरांचं लक्ष सायकलीकडे असतं.

जागा बघायला मी एकदा शाळेत गेले आणि बरं झालं गेले. बेंचला उतार आहे. लिहायला चांगला, पण त्यावर पट ठेवला की हत्ती आपोआप खाली चालायला लागतो. शिवाय बेंचवर दोघं शेजारी बसतात, समोरासमोर नाही. म्हणून मग वरच्या मजल्यावरचा हॉल आणि गॅदरिंगच्या सतरंज्या. चोवीस पट, जमिनीवर, सहाच्या चार ओळी, मधून बाईंना फिरता येईल एवढी वाट.

पटांचा खर्च हा मला पत्रातला सगळ्यात आवडलेला भाग. दुकानात लाकडी नाहीतर पुठ्ठ्याचे पट मिळतात, पुठ्ठा पहिल्या पावसाळ्यात फुगतो आणि घडीवर फाटतो. आमच्या इथे बसस्टँडजवळ फ्लेक्सवाला आहे, वाढदिवसाचे आणि भावी नगरसेवकांचे बॅनर करणारा. त्याला विचारलं, दादा दीड फुटाचा चौकोनी पट छापून देशील का, दोन इंचाचं एक घर. तो आधी हसला, मग हिशोब केला. एक पट सव्वादोन चौरस फूट, चोवीस पटांचे चोपन्न, पंधरा रुपये फुटाने 810 रुपये. चकचकीत नको, मॅट कर म्हटलं, नाहीतर खिडकीचा उजेड पडून घरं दिसत नाहीत. आणि कडेला आकडे-अक्षरं छाप, a ते h आणि 1 ते 8, म्हणजे पुढे डाव लिहायला शिकवता येईल. प्लास्टिकच्या सोंगट्यांचा सेट घाऊकमध्ये दीडशेला, चोवीसचे 3600. सगळं मिळून साडेचार हजाराच्या आत, पोरामागे शंभरही नाही, आणि ज्यांना जमेल त्यांनी जास्त घालून ते आम्हीच भरायचे, शाळेकडून किंवा पोरांकडून काही नाही. प्रत्येक सेटला कापडी पिशवी, पिशवीवर नंबर. तास संपला की दोघांनी बत्तीस मोजायचे आणि मगच पिशवी बंद करायची. प्यादं हरवणारच, त्याला इलाज नाही, त्याच्या जागी सोड्याच्या बाटलीचं झाकण चालतं.

आता पस्तीस मिनिटांत करायचं काय, हे पत्रासोबत वेगळ्या पानावर दिलं, कारण तास ज्या बाई घेणार त्यांना स्वतःला फार येत नाही. पहिले काही शनिवार पूर्ण डाव खेळवायचाच नाही. फक्त प्यादी, दोन्हीकडे आठ-आठ, ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचलं तो जिंकला, दोघंही अडकले तर बरोबरी. हा डाव पाच-सात मिनिटांत संपतो, एका तासात तीन होतात आणि प्यादं सरळ चालतं पण तिरकं मारतं हे पोराच्या हातात बसतं, नुसतं सांगून ते कधीच बसत नाही. मग त्यात एकेक सोंगटी वाढवायची. पूर्ण डाव पहिल्याच दिवशी दिला की अर्धी पोरं अडकतात आणि अर्धी राजाच मारून टाकतात.

दुसरी अडचण अशी येते की कोणत्याही वर्गात एखादं पोरगं यूट्यूबवरून चार चालींची मात शिकून येतंच. राजासमोरचं प्यादं दोन घरं, मग उंट बाहेर, मग वजीर बाहेर, आणि दोघांचाही डोळा समोरच्या राजाच्या शेजारच्या उंटापुढच्या प्याद्यावर, कारण सुरुवातीला त्या प्याद्याला राजाशिवाय कोणाचाच आधार नसतो. समोरचं पोरगं काय करतं, वजीर दिसला की खूश होऊन त्याच्यावर घोडा काढतं, आणि पुढच्याच चालीला वजीर ते प्यादं मारतो, मागून उंटाचा जोर, मात. असं एक पोरगं तीन-चार आठवडे सगळा वर्ग झोपवतं आणि बाकीच्यांना वाटतं आपल्याला हे जमायचं नाही. म्हणून त्या पानावर मांडणीसकट लिहिलं:

```
1. e4 e5  2. Bc4 Nc6  3. Qh5 g6
```

म्हणजे घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे, वजिराची वाट बंद, आणि मधलं प्यादं आपल्या घोड्याने आधीच धरलेलं आहे. वजीर मागे जाऊन पुन्हा तिथेच डोळा लावेल, तेव्हा मात्र घोडा काढायचा. एकदा सगळ्यांना हे कळलं की त्या पोराला खरं खेळावं लागतं.

आणि स्टेलमेट. याच्यावरून रडारड होते म्हणून आधीच सांगितलेलं बरं. समोरच्याचा फक्त राजा उरलाय, आपल्याकडे वजीर आहे, पोरगं आनंदात राजाला कोपऱ्यात हाकलतं आणि वजीर अशा घरात ठेवतं की राजाला शह तर नाही पण हलायलाही जागा नाही. बरोबरी. जिंकलेला डाव गेला. याची ओळखायची खूण सोपी आहे, कोपऱ्यात राजा असताना वजीर त्याच्यापासून बरोबर घोड्याच्या उडीवर ठेवला की राजाचं श्वास घ्यायचं घरही जातं. वजीर आणि राजा विरुद्ध राजा, एवढाच शेवट एका तासाला सगळ्यांकडून खेळवून घ्यायचा.

हरण्याचा प्रश्न राहतोच, आणि तो साधा हिशोबाचा आहे, चोवीस पटांवर दर वेळी चोवीस पोरं हरणार. दर आठवड्याला शेजारच्याशीच खेळवलं तर तेच पोरगं सलग हरतं आणि नंतर पोट दुखायला लागतं शनिवारी. म्हणून पटांना नंबर. जिंकला तो एक पट वर, हरला तो एक पट खाली, बरोबरी झाली तर काळ्या सोंगट्यांवाला वर. दोन-तीन महिन्यांत बरोबरीचे बरोबरीच्यांसमोर येतात, आणि चोविसाव्या पटावरची पोरंही डाव जिंकतात. नंबर भिंतीवर लावायचे नाहीत, हे मी पत्रात अधोरेखित केलं.

तास कोण घेणार यावर लिहिलं की वर्गात शाळेच्या बाई कायम असाव्यात, आणि मदतीला पालकांपैकी दोघं येतील, शाळा ठरवेल त्या ओळखपत्रावर. इथे एक गंमत झाली. मदतीला सगळ्यात आधी तयार झाले ते लेकीच्या मैत्रिणीचे आजोबा. आबा जुने खेळाडू, पारावर बसून भल्याभल्यांना मात देणारे, पण देशी पद्धतीचे. त्यांच्यात प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं, कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते, आणि प्यादं पलीकडे गेलं की ज्या सोंगटीच्या घरात पोचलं तीच होते. आमच्या ओट्यावर त्यांच्याशी खेळायला बसले तर माझं प्यादं कोपऱ्यात पोचलं, मी वजीर मागितला, आणि आबा पटावर हात आडवा ठेवून म्हणाले, "हत्तीना घरमा गया ते हत्तीच व्हई, वजीर कसा व्हई?" त्यांचा नियमही त्यांच्या जागी खराच आहे, गावोगाव असाच खेळ होता. पण वर्गात एका ओळीत एक नियम आणि दुसऱ्या ओळीत दुसरा झाला तर मारामाऱ्याच. तर ठरलं असं की शाळेत आंतरराष्ट्रीय नियम, एका पानावर छापून हॉलमध्ये लावलेले, आणि सत्राच्या शेवटच्या शनिवारी आबा देशी डाव शिकवणार. आबांनी ते मान्य केलं, पण नियमांचं पान घरी नेलं आणि दोन ठिकाणी पेनाने खुणा करून आणलं.

तर शेवटी जे पत्र गेलं ते एवढंच होतं.

"मा. मुख्याध्यापक यांस, स. न. वि. वि. इयत्ता सहावीच्या वर्गास दर शनिवारी तिसरा तास बुद्धिबळासाठी मिळावा, ही विनंती. हा तास आनंददायी शनिवारच्या उपक्रमांत धरावा, कोणत्याही विषयाचा किंवा शारीरिक शिक्षणाचा तास कमी करू नये. चोवीस पट व सोंगट्या पालक देतील, त्या शाळेच्या मालकीच्या राहतील. ठेवण्यासाठी हॉलमधील कपाटाचा एक कप्पा मिळावा. तासाला वर्गशिक्षिका उपस्थित असाव्यात, दोन पालक मदतीस येतील, कोणतेही मानधन किंवा फी नाही. या तासामुळे गुण वाढतील असा आमचा दावा नाही. सर्व मुलांना एक खेळ नीट खेळता यावा एवढाच हेतू आहे. प्रथम सत्र प्रयोग म्हणून चालवावे व दिवाळीनंतर शाळा व्यवस्थापन समितीने पुढे चालू ठेवायचे की नाही ते ठरवावे. सोबत: तासाचे नियोजन, एक पान."

खाली सह्या. हेडसरांनी पत्र माझ्यासमोरच वाचलं, गुणांच्या वाक्यावर थांबले आणि म्हणाले, "ताई, असं लिहून देणारे पालक पहिल्यांदा बघतोय." मग पान उलटून विचारलं की गैरहजेरीमुळे सत्तेचाळीस झाले तर? एकट्या राहिलेल्याने बाईंसोबत फिरून पंच व्हायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने, आणि हात लावला की तीच सोंगटी चालायची एवढा एकच नियम त्याने सांभाळायचा. ते म्हणाले ठीक. कपाटाच्या किल्लीचं मात्र घोडं अडलं, ती गॅदरिंगच्या सामानाची किल्ली आणि ती शिपाईदादांकडे, ते शनिवारी उशिरा येतात. शेवटी पट हॉलऐवजी ऑफिसच्या कपाटात ठेवायचे ठरलं.

समितीच्या मासिक सभेत विषय मंजूर झाला, फक्त सहावीला, फक्त दिवाळीपर्यंत. एका सदस्याने स्कॉलरशिपच्या तयारीचा तास का नको असं विचारलं, त्यावर आमच्याकडच्याच एका आईने उत्तर दिलं की तो सोमवार ते शुक्रवार चाललाच आहे की, शनिवारी तरी सोडा. आता सातवीच्या पालकांना पण हवंय, त्यांनी आमच्या पत्राची झेरॉक्स मागितली. दिली, पण सांगितलं की तसंच्या तसं देऊ नका, तुमचा वर्ग एक्कावन्नचा आहे, पट सव्वीस लागतील, त्यातला एक पंचांना शिकायला, आणि सहावीचा तास हॉलमध्ये आहे तेव्हा तुम्हाला चौथा तास मागावा लागेल नाहीतर दुसरी जागा शोधावी लागेल, आणि फ्लेक्सवाला आता निवडणुकीच्या कामात आहे, त्याला आत्ताच ऑर्डर देऊन ठेवा.